पक्का होईपर्यंत

बेबाबाईवर मी चिडले नाही असा एक आठवडा गेला असेल तर शपथ. आमच्या दोघींच्या घरांमध्ये एकच भिंत, ओटा मात्र सामायिक. माझं अर्धं आयुष्य जळगावच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या पर्सोनेल खात्यात गेलं. माणसांना कामावर घ्यायची, कायम करायची, काढायची पत्रं मी टाइप केली. तिचं गेलं कढईपुढे. सावद्याकडची केळी, भावाकडून टेम्पोत येणारी कच्ची, हिरवीगार. ती सोलायची, किसणी थेट उकळत्या तेलावर धरायची आणि सपासप वेफर्स सोडायची. पिंप्राळ्यातली निम्मी दुकानं तिच्या पुड्या ठेवायची. केळीच्या चिकाने तिची बोटं कायम काळी आणि लुगड्यांवर तपकिरी डाग. चिकाचा डाग कधी निघत नाही. "अगं जरा चांगलं नेसत जा गं बाई," मी म्हणायची. "चांगलं नेसून तेलात उडी मारू का?" ती म्हणायची. बोलण्यात हार जाणारी नव्हती.

तिचा नवरा पितांबर. मी त्याला पाहिला तो हातगाडीवर गोण्या ओढताना. त्याआधी तो दाणाबाजारात एका धान्याच्या दुकानात तराजूवर लागला होता. तिथली रीत अशी की नवा माणूस दिवाळीपर्यंत कच्चा. दिवाळीला मालक नव्या वह्यांची पूजा करणार, आणि त्या दिवशी ज्याच्या हातावर पेढा आणि नवं धोतर पडलं तो पक्का. पितांबर कच्चा असतानाच त्याचा बाप यावलला अखेरचं दुखणं घेऊन पडला. पितांबर चार दिवस तिकडे गेला. बापाला पोचवून परत आला तर तराजूवर दुसराच माणूस बसलेला. मालकाने तोंडातून शब्दही काढला नाही, नुसती मान हलवली. त्यानंतर पितांबरला धड कुठे बस्तान बसवता आलं नाही. पोरगा पियुष आठवीत असताना पितांबर वारलाच. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात, ही बाई तर पाणीसुद्धा फुंकून प्यायची.

पियुष डिप्लोमा झाला. धुळ्याला एका केमिकलच्या कारखान्यात मुलाखत दिली आणि ऑफर लेटर आलं. ईमेलवरून छापून आणलेली तीन पानं घेऊन तो ओट्यावर आला. मागे बेबाबाई, हातात झारा तसाच.

"मावशी, तू वाच. मी वाचलंय, पण आईला माझ्यावर विश्वास नाही."

"त्याले काय कळतं? तू बठ्ठं वाच, अक्का. एक अक्षर सोडू नको."

मी चष्मा लावला. खरं सांगते, मला बरं वाटलं. निवृत्तीनंतर पहिल्यांदा कुणी माझ्याकडे असला कागद घेऊन आलं होतं. पगाराचं कलम आधी वाचलं. प्रोबेशनमध्ये महिन्याला बावीस हजार ठोक, कन्फर्म झाल्यावर पगार नव्याने ठरणार. मग प्रोबेशन. रुजू झाल्यापासून सहा महिने, कंपनीला वाटलं तर आणखी तीन महिन्यांपर्यंत वाढवता येणार.

"सहा महिने झाले की पक्का?" बेबाबाईने विचारलं.

"नाही. ही पुढची ओळ बघ. लेखी कन्फर्मेशन मिळेपर्यंत प्रोबेशनवरच धरलं जाईल. म्हणजे नुसते सहा महिने उलटून उपयोग नाही, पत्र हातात पडलं पाहिजे. पियुष, हे तूही नीट लक्षात ठेव. आणि कन्फर्म कधी करणार? काम समाधानकारक हवं, हजेरी नीट हवी, कागदपत्रांची पडताळणी झालेली हवी. मार्कशीटच्या अस्सल प्रती नेऊन दाखव."

नोटिशीचं कलम त्याने आपणहून वाचलं. प्रोबेशनमध्ये दोघांपैकी कुणीही पंधरा दिवसांची नोटीस देऊन किंवा तेवढ्या दिवसांचा पगार देऊन मोकळं होऊ शकतं. कन्फर्म झाल्यावर हेच दोन महिने.

"पंधरा दिवसात हाकलू शकतात?" बेबाबाईचा झारा खाली आला.

"अगं, त्यालाही पंधरा दिवसात सोडता येतं. दोन्ही बाजूंना सारखंच आहे."

"तो काहून सोडीन?"

मग ते कलम आलं. प्रोबेशनमध्ये पगारी रजा नाही. बिनपगारी रजा घेतली, तर जितके दिवस घेतली तितके दिवस प्रोबेशन पुढे जाईल. अगदी नेहमीचं कलम. असली कलमं मी हजार वेळा टाइप केली आहेत.

"म्हंजे सुटी घेतली तर पक्कं होत नही."

"होतं गं! उशिरा होतं. चार दिवस सुटी, चार दिवस उशीर. एवढंच."

"परत सांग."

परत सांगितलं. तिसऱ्यांदाही सांगितलं. ती मान हलवत राहिली, आणि मला वाटलं समजलं. मग ती पियुषकडे वळून म्हणाली, "कच्चा हायेस तोवर सुटी नही. मी मेली तरी नही." पोरगा हसला. मीही हसले. काय करणार, तिची बोलायची तऱ्हाच तशी होती.

जूनच्या एक तारखेला तो रुजू झाला. धुळ्याला तिघा पोरांनी मिळून एक खोली घेतली. पंधरा दिवसांनी एखादी सुटी आली की तो यायचा, पहाटेच्या एसटीने परत जायचा. आणि इकडे या बाईने घरात मिलिटरी राज्य सुरू केलं. एरंडोलला तिच्या भाचीचं, डिंपलचं लग्न, तिथल्या सख्ख्या भावाची पोरगी, पियुषला येऊ दिलं नाही. भाऊ रुसला. "रुसू दे. भावाचं रुसणं निघतं, नोकरी गेली तर परत येत नही." पोराला ताप आला म्हणून फोन आला तर म्हणाली, गोळी घे आणि शिफ्टला जा. मी म्हटलं, "बेबे, तू आई आहेस का सुपरवायझर?" तर म्हणे, "सध्या सुपरवायझर. पक्का झाला की आई."

पद्मालयाच्या गणपतीला तिने नवस बोलला होता. पोरगा पक्का झाला की एरंडोलहून अनवाणी चालत येईन. मला म्हणाली, तूही चल. मी म्हटलं, माझे गुडघे बघ आणि मग बोल.

नोव्हेंबर संपला. डिसेंबरच्या पहिल्या सकाळी मी दार उघडलं तर ही पेढ्यांचा पुडा घेऊन उभी. नवीन लुगडं नेसलेली, केस विंचरलेले.

"घे, अक्का. सहा महिने झाले."

"पत्र आलं?"

"येईन ना आता."

"बेबे, बाजारात तुरी! मी काय सांगितलं होतं? लेखी पत्र हातात पडल्याशिवाय..."

तिचा हात तसाच पुढे राहिला. मी पेढा घेतला, पण पुडा तिच्या हातातून काढून माझ्या फ्रिजमध्ये ठेवला, वाटू दिला नाही. बरं झालं. दोन दिवसांनी पियुषचा फोन आला. त्यांच्या बॅचमधल्या सगळ्यांचं प्रोबेशन तीन महिने वाढवलं होतं. नव्या युनिटची चाचणी लांबल्यामुळे कामाचं मूल्यमापन पुरं झालं नाही, असं कारण पत्रात होतं. पगार तोच, नोटीस तीच पंधरा दिवसांची, बाकी सगळ्या अटी तशाच. मी म्हटलं, यात वावगं काही नाही, असं होतं. फेब्रुवारीअखेर होऊन जाईल.

बेबाबाई ओट्यावर बसली होती. "आजून तीन महिने?" एवढंच म्हणाली. माणूस घाबरतो तेव्हा ओरडतो, चिडतो. ही स्वतःच्या मांडीकडे बघत राहिली. मला वाटलं, पोराची काळजी. मी म्हटलं, "तीन महिने काय, असे निघून जातील." तिने माझ्याकडे असं पाहिलं, की आज आठवलं तरी माझं काळीज फाटतं.

संक्रांतीनंतरची गोष्ट. मी तिळगुळाचा डबा परत करायला गेले तर ती किसणी उजव्या हाताने धरून केळंही उजव्याच हाताने ढकलायला बघत होती. डावा हात अंगाशी आवळलेला. आणि डाव्या काखेखाली चोळीवर मोठा डाग. तपकिरी, कडेला काळपट.

"चीक तिथे कुठे लागला गं?"

"लागला असन."

चीक बोटांना लागतो, मनगटाला लागतो, लुगड्याच्या पुढ्यात उडतो. काखेखाली कसा उडेल? मी जवळ गेले. वास आला. तेलाचा नव्हता, केळीचा नव्हता. मी गॅस बंद केला आणि तिच्या चोळीची बटणं काढली. ती लहान पोरीसारखी उभी राहिली, हात वर करायलाही नकार दिला नाही. आत जुन्या लुगड्याच्या घड्या दाबून ठेवल्या होत्या. त्या काढल्या. डावी छाती दगडासारखी, वरची कातडी फुटलेली.

"कधीपासून?"

"पियुष लागला त्या टाइमाले गाठ लिंबाच्या बीएवढी होती. दुखत नव्हती, अक्का. तुझ्या गळ्याची आन, दुखत नव्हती."

"आणि सांगितलं नाहीस? मला सांगितलं नाहीस? भिंतीपलीकडे राहते मी, मेले होते का?"

"तुले सांगितलं असतं तर तू त्याले फोन केला असता. आपरेशन म्हंजे पोरगा पाहिजे. सही पाहिजे, रगत पाहिजे, पंधरा दिवस उशाशी बसायला पाहिजे. मी म्हनलं डिसेंबर लागू दे. तो पक्का झाला का मग जाऊ."

मी तिला काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. मूर्ख म्हटलं, कसाई म्हटलं, तुला देवाने डोकं दिलंय का केळं दिलंय म्हणाले. रडत रडत बोलले. मग फोन उचलला. तिने माझा हात धरला, पियुषची शपथ घातली, पाया पडली. "दीड महिना, अक्का. नुसता दीड महिना." मी तिचा हात झटकला. तिच्या शपथा तिच्यापाशी. मी पोराला फोन केला आणि तिला रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात नेलं.

पियुष दुपारच्या शिफ्टमध्ये होता. गेटवरून तसाच निघाला आणि संध्याकाळी अंगावरच्या कंपनीच्या गणवेशात दवाखान्यात पोचला. त्याला पाहून बेबाबाई पहिलं वाक्य काय बोलली असेल? "सुटी टाकली का रे?"

डॉक्टरांनी छातीचे फोटो बघितले आणि पियुषला बाहेर घेऊन गेले. मीही गेले. फुप्फुसात गेलं होतं, पाणी झालं होतं. आता ऑपरेशनचा उपयोग नव्हता. त्यांनी हळू आवाजात, उगाच न दुखावता विचारलं, "इतके दिवस का थांबलात?" पियुष माझ्याकडे बघायला लागला. त्याला काहीच माहीत नव्हतं. मी भिंतीला टेकून त्याला सगळं सांगितलं.  तो म्हणाला, "मावशी, मी दर पंधरा दिवसांनी घरी येत होतो गं. तिने वाढलेलं जेवत होतो." आणि तो त्या बोळात, लोकांच्या येण्याजाण्यात, उभ्या उभ्या रडला.

दुसऱ्या दिवशी मी त्याला म्हटलं, न सांगता निघून आलायस, आधी कळव. रजेचा ईमेल लिहून घेतला, कारण स्पष्ट टाकायला लावलं, आणि वर फोन करायला लावला. धुळ्याच्या एचआरमधला भूषण नावाचा मुलगा होता. वॉर्डात बाकीच्या पेशंटांचे नातेवाईक, पंख्याची घरघर, आवाज नीट येईना म्हणून पियुषने स्पीकर लावला. तो कॉटवरच, आईच्या पायाशी बसला होता.

"अरे, मेल मिळाला. आईजवळ थांब तू. किती दिवस लागतील ते लागू दे."

"सर, माझं प्रोबेशन..."

"त्याचं काय? जितके दिवस बिनपगारी जातील तितके दिवस कन्फर्मेशन पुढे जाईल. पत्रातच लिहिलंय ना. साहेबांनी तुझा रिपोर्ट चांगला दिलाय. दुसरं काही नाही. काळजी घे आईची."

फोन बंद झाला. बेबाबाई ऐकत होती. नाकात ऑक्सिजनची नळी, तरी डोळे मोठे करून ती आधी पोराकडे आणि मग माझ्याकडे बघायला लागली.

"एवढंच?" तिने विचारलं.

माझा ताबा सुटला. मरणाऱ्या माणसावर कुणी ओरडतं का? मी ओरडले. "हेच सांगितलं होतं ना तुला! ओट्यावर बसून तीनदा सांगितलं होतं! चार दिवस सुटी तर चार दिवस उशीर, एवढंच, असं मी म्हणाले होते का नाही? पोराला जूनमध्येच बोलावलं असतं तर काय झालं असतं? महिनाभर लांबलं असतं, बये, महिनाभर! त्यासाठी तू जीव दिलास?" सिस्टर धावत आली आणि मला बाहेर जा म्हणाली.

बेबाबाईने बोटाने तिला थांबवलं आणि मला जवळ बोलावलं. दम खात खात बोलली. "तू सांगितलं होतं, अक्का. मले सगळं समजलं होतं. पन यांनी यावलले जाताना मालकाले इच्यारलं होतं. मी दुकानाच्या पायरीवर उभी होती, माझ्या कानानं आयकलं. मालक बी असंच बोलला होता. जा बापाजवळ, काही नही होत, म्हने. चार दिवस उशीर होईन, एवढंच."

ही गोष्ट तिने इतक्या वर्षांत मला कधी सांगितली नव्हती. मी तिच्या कपाळावर हात ठेवला.  माझ्या साऱ्या नोकरीत, तिच्या त्या वाक्याला पुरेल असं एकही कलम मी टाइप केलं नव्हतं.

त्यानंतर मात्र ती सुपरवायझर राहिली नाही. पोराचा हात हातातून सोडेना. त्याने पाळ्या लावल्या होत्या, सकाळी मी आणि रात्री तो, पण तो दिवसाही हलायचा नाही. तिच्या बोटांवरचा चीक तो खोबरेल तेल लावून घासत बसायचा. "निघत नही रे तो," ती म्हणायची. "निघेल," तो म्हणायचा. एकदा तिने त्याला विचारलं, धुळ्याला जेवायला काय मिळतं? मेसची डाळ कशी असते, खोलीवरची पोरं कोण, कंपनीत नेमकं काय काम करतोस, वास येतो का, मास्क लावतोस का. इतके महिने फोनवर फक्त "सुटी टाकू नको" एवढंच झालं होतं. पोरगा सांगायचा आणि ती ऐकता ऐकता झोपायची. पक्कं व्हायचा विषय तिने परत काढला नाही. पद्मालयाचाही नाही.

ती गेली तेव्हा पियुष तिला पाणी पाजत होता. एक घोट गेला, दुसरा ओठातून बाहेर आला. तेरा दिवस करून तो धुळ्याला गेला. एरंडोलचा भाऊ आला होता, डिंपलही आली होती. रुसणं निघालं होतं. ते तेवढं बेबाबाईचं खरं ठरलं.

मार्चअखेर एका रविवारी पियुष ओट्यावर आला. हातात पाकीट. "मावशी, वाच."

"तू वाचलंस ना?"

"वाचलं. पण तू वाच. मोठ्याने. तिला आवडायचं."

मी चष्मा लावला. भिंतीपलीकडचं दार बंद होतं, ओट्यावर कढईचा वास नव्हता. मी वाचलं. आपली सेवा पंचवीस मार्चपासून कायम करण्यात येत आहे. पगार अमुक. यापुढे नोटीस दोन महिने. आणि खाली एक ओळ होती: प्रोबेशनच्या काळात घेतलेल्या बिनपगारी रजेमुळे मूळ तारीख चोवीस दिवसांनी पुढे नेण्यात आली आहे.

 पोराने ती ओळ पुन्हा वाचायला सांगितली. मी वाचली.

"यातले तेरा दिवस ती नव्हती," तो म्हणाला. "म्हणजे अकरा. रुजू झाल्यापासून एवढेच दिवस आम्ही दोघं धड बोललो, मावशी."

मी घरात गेले. फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, मागे, डिसेंबरमधला तो पुडा तसाच होता. पेढे कडक होऊन दगड झाले होते, वर बुरशी धरली होती. टाकवले नव्हते मला. बाहेर आले आणि पुडा त्याच्या हातात दिला. त्याने उघडला, बघितला, आणि मांडीवर धरून बसून राहिला. वाटण्यासारखे ते राहिले नव्हते.